फोमची गादी पेटली तर धूर आधी मारतो

भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर आग लागली आणि १० बालके दगावली. शासनाने त्यावेळी दिलेल्या माहितीनुसार त्यांतील ३ बालके भाजल्याने गेली, तर ७ धुराने गुदमरून. तो कक्ष रुग्णालयातला होता. पण घराच्या बंद खोलीत फोमची गादी किंवा सोफा पेटला तरी माणसाला आधी गाठतो तो धूरच.

आपला मोताळ्याचा भाग कापसाचा. पूर्वी घरोघरी पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून गाद्या भरून घेत. आता लग्नाच्या सामानात फोमची गादी, सोफा आणि झुळझुळीत पडदे असतात. मऊ, हलके आणि धुण्यास सोपे म्हणून ते लोकांना आवडतात, यात नवल नाही. मात्र फोम पेट्रोलियमपासून बनतो आणि त्यात बारीक छिद्रांमधून हवा भरलेली असते. म्हणजे इंधन आणि हवा दोन्ही एकाच जागी. एकदा धग लागली की फोम वितळतो आणि खाली त्याचे जळते थारोळे साचते.

अमेरिकेतील अंडररायटर्स लॅबोरेटरीज या संस्थेने यासाठी दोन खोल्या मुद्दाम पेटवून पाहिल्या. एकीत जुन्या पद्धतीचे लाकडी व कापसाचे सामान होते, दुसरीत फोमचा सोफा व सिंथेटिक पडदे. पहिली खोली संपूर्ण पेटायला जवळजवळ अर्धा तास लागला. दुसरी ४ मिनिटांच्या आत पेटली. झोपेतून उठून, मुलांना उचलून, कडी काढायला लागणारा वेळ मोजून पाहा.

आता धुराचे पाहू. कोणतीही वस्तू अपुऱ्या हवेत जळली की कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. तो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. फोममध्ये नायट्रोजन असल्याने त्याच्या धुरात हायड्रोजन सायनाइडही असतो. हा वायू शरीरातील पेशींना मिळालेला प्राणवायू वापरूच देत नाही. दोन्ही एकत्र आल्यावर माणसाला आधी गरगरते, मग हातपाय साथ देत नाहीत. दार दोन पावलांवर असूनही माणूस पोहोचत नाही, ते यामुळे. रेक्झिनच्या आवरणातून निघणारा आम्लाचा वायू डोळे आणि घसा जाळतो, तो वेगळाच.

पडदा कशाचा आहे हे दुकानदाराला विचारण्यापेक्षा स्वतः तपासावे. शिवणीच्या आतला एक धागा काढून, चिमट्यात धरून, अंगणात पाण्याच्या ताटावर पेटवा. कागद जळाल्यासारखा वास आला आणि मऊ राख पडली तर तो सुती. वितळून काळी, कडक गुठळी झाली तर तो पॉलिस्टर किंवा नायलॉनचा. असा पडदा पेटला तर वितळलेले थेंब कातडीला चिकटतात आणि जखम खोल होते. सुती पडदाही पेटतो, पण निदान असे थेंब टाकत नाही.

कापसाची गादी अगदी निर्धोक असते असेही नाही. विडीच्या ठिणगीने ती आतल्या आत तासन् तास धुमसते, आणि वरून पाणी ओतले तरी आतली धग राहते. अशी गादी बाहेर अंगणात नेऊनच पूर्ण भिजवावी. तरीही झोपण्यासाठी घट्ट भरलेली, जाड सुती खोळीची कापसाची गादी आम्ही पसंत करू. फोमच घ्यायचा असेल तर त्यावर घट्ट विणीचे जाड सुती आवरण घालावे, आणि ते फाटले तर त्याच दिवशी शिवावे, कारण उघडा फोमच पटकन पेट घेतो. ‘आगरोधक’ म्हणून विकलेला फोम काडीची ज्योत काही काळ अडवतो, पेटलेल्या खोलीत तोही जळतो. घरात घोंगडी असेल तर ती जपून ठेवा. लोकर सहजासहजी पेटत नाही.

मच्छर कॉइल, समई, शेगडी आणि चार्जिंगला लावलेला मोबाईल गादी-पडद्यापासून तीन फूट दूर ठेवावा. गादी पेटलीच आणि एका बादलीत विझली नाही, तर जमिनीलगत रांगत बाहेर पडून दार ओढून घ्या आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा.

धुरातून बाहेर काढलेल्या माणसाला लगेच मोकळ्या हवेत न्यावे. येथे एक फसगत होते. कोरोनापासून अनेक घरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आहे, पण कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले रक्तही त्याला प्राणवायूने भरलेले वाटते. ते ९८ दाखवत असले तरी डोके दुखत असेल, मळमळत असेल किंवा माणूस गोंधळून बोलत असेल तर ताबडतोब रुग्णालय गाठा. नाकात काजळी, जळलेले नाकातले केस किंवा घोगरा आवाज दिसला तर तर मुळीच थांबू नका. घशाची सूज काही तासांनी वाढते आणि तेव्हा श्वासनलिकेत नळी घालणेही कठीण होऊन बसते.