आदिलाबादच्या खिडकीमागचा मधला थर

आदिलाबादच्या आरक्षण खिडकीवर तिरुपतीची कृष्णा एक्सप्रेस आणि मुंबईची नंदीग्राम, दोन्हींची तिकिटं मिळतात. कृष्णा दक्षिण मध्य रेल्वेची, म्हणून तिच्या बर्थचा हिशेब सिकंदराबादच्या डेटाबेसमध्ये असतो. नंदीग्राम मध्य रेल्वेची, तिचा हिशेब मुंबईत. मुंबईच्या पीएनआरचा पहिला अंक ८ किंवा ९ असतो.

१९८५ मध्ये दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू झालं तेव्हा एका बाजूला खिडकीवरचा टर्मिनल होता, दुसऱ्या बाजूला केंद्राचा संगणक. प्रत्येक केंद्र आपापल्या गाड्यांपुरतंच. दुसऱ्या केंद्राची गाडी हवी असली की कोटा नाहीतर तार. हीच दोन थरांची रचना पुढे ताणली असती, तर आदिलाबादच्या टर्मिनलला देशातल्या पाचही केंद्रांशी स्वतः जोडणी ठेवावी लागली असती, आणि कुठली गाडी कुठल्या केंद्राची हेही त्यालाच माहीत असावं लागलं असतं. गाडी या केंद्रातून त्या केंद्रात हलवली की देशभरच्या खिडक्यांवर बदल करत फिरा.

१९९४ मध्ये सिकंदराबादला ‘कॉन्सर्ट’ आलं आणि १९९९ पर्यंत दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, सिकंदराबाद ही पाचही केंद्रं जोडली गेली. मध्ये बसला डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचा ‘रिलायबल ट्रान्झॅक्शन राउटर’. क्लार्क नंदीग्रामचा गाडी क्रमांक आणि तारीख भरतो, राउटर तो क्रमांक पाहून मागणी मुंबईला धाडतो, तिथला प्रोग्राम भाडं काढतो, बर्थ अडकवतो, पीएनआर लिहितो. क्लार्कला मुंबईचा पत्ताच लागत नाही.

माझ्या मते या मधल्या थराची खरी कमाई पत्ता शोधण्यात नाही. समजा मुंबईत बर्थ लिहिला गेला आणि उत्तर येण्याआधी लाइन तुटली. क्लार्कला वाटणार काम झालं नाही. तो पुन्हा मागणी करणार, आणि एका प्रवाशाच्या नावावर दोन बर्थ जाणार. मधला थर प्रत्येक व्यवहाराची नोंद ठेवतो. व्यवहार पूर्ण तरी होतो किंवा झालाच नाही असं तरी ठरतं, आणि अर्धवट राहिलेला लाइन आल्यावर तडीस जातो. लाइन तुटलेली असताना मात्र तो काही करू शकत नाही. खिडकीवर कृष्णा मिळतेय आणि नंदीग्राम मिळत नाही, असं दिसलं की मुंबईकडची जोडणी गेली असं खुशाल समजावं.

ऑगस्ट २००२ मध्ये आयआरसीटीसीने घरबसल्या तिकीट सुरू केलं तेव्हा मागचे डेटाबेस तेच राहिले, पुढे फक्त एक नवी खिडकी आली. पण तत्काळच्या वेळी लाखोंनी थेट डेटाबेसला जोडणी मागितली तर तो बसेल. मधला थर त्या गर्दीला थोड्याच जोडण्यांतून रांगेने पुढे सोडतो.

बँक मात्र या व्यवहाराच्या कुंपणाबाहेर राहिली. तिच्या खात्यातली वजावट आणि रेल्वेचा बर्थ हे एका व्यवहारात बांधलेले नाहीत, म्हणून पैसे कापले गेले तरी तिकीट न येणं अजूनही घडतं आणि परतावा मागाहून जमा होतो.