पाच वस्त्या, दोन झाडं

एका सरळ रस्त्यावर पाच वस्त्या आहेत असं धरा. अ शून्य किलोमीटरवर, ब २ वर, क ६ वर, ड ९ वर आणि इ १४ वर. त्यांचे गट पाडायचे आहेत. हायरार्किकल क्लस्टरिंगमध्ये सुरुवातीला प्रत्येक वस्ती हाच एक गट असतो. मग दर फेरीत सगळ्यांत जवळचे दोन गट जोडायचे, ते शेवटी एकच गट उरेपर्यंत.

पहिल्या दोन फेऱ्यांत वादाला जागा नाही. अ आणि ब २ किलोमीटरवर जुळतात, क आणि ड ३ वर. आता उरले तीन गट: अब, कड आणि एकटी इ. इथे खरा प्रश्न उभा राहतो. अब पासून कड किती लांब? मोजायचं कुठून कुठपर्यंत?

सिंगल लिंकेज दोन गटांतल्या सर्वांत जवळच्या वस्त्या बघतं. ब ते क ४ किलोमीटर, ड ते इ ५. म्हणून अब आणि कड ४ वर जुळतात आणि इ शेवटी ५ वर येऊन मिळते. कम्प्लीट लिंकेज सर्वांत लांबच्या वस्त्या बघतं. डेन्मार्कचे वनस्पतिशास्त्रज्ञ थोरवाल्ड सोरेन्सन यांनी १९४८ साली वनस्पतींच्या समूहांसाठी हीच रीत वापरली होती. या मापाने अ ते ड ९ किलोमीटर होतात, क ते इ मात्र ८. त्यामुळे इ आधी कड ला जाऊन मिळते आणि अब शेवटी १४ वर जोडली जाते. वस्त्या त्याच, पण दोनच गट हवे असतील तर एकीकडे इ एकटी पडते आणि दुसरीकडे तिला क, ड यांची सोबत मिळते.

आता चौकटीच्या कागदावर डेन्ड्रोग्राम काढू. खाली पाच अक्षरं सारख्या अंतरावर लिहा, कारण आडव्या अंतराला इथे काहीच अर्थ नाही. डावीकडच्या उभ्या पट्टीवर शून्य ते १४ आकडे घाला. अ आणि ब वरून उभ्या रेघा काढून २ च्या उंचीवर आडवी रेघ मारा, क आणि ड साठी ३ वर. पुढची उभी रेघ या आडव्या रेघेच्या मध्यातून निघते. सिंगलच्या झाडात पुढच्या आडव्या रेघा ४ आणि ५ वर येतील, कम्प्लीटच्या झाडात ८ आणि १४ वर.

आकडे चुकले की चित्रच सांगतं. या दोन्ही पद्धतींत नंतरची जोडणी आधीच्या जोडणीपेक्षा खाली येऊच शकत नाही. आली तर अंतरांचा तक्ता पुन्हा तपासा. कम्प्लीटच्या झाडाचा शेंडा नेहमी सर्वांत मोठ्या अंतरावर असतो, इथे अ ते इ, म्हणजे १४. रेघा एकमेकींना छेदत असतील तर हिशोब बरोबर असूनही खालच्या अक्षरांचा क्रम चुकलेला असतो.

सिंगलची मला खटकणारी बाजू म्हणजे त्याची साखळी. मधे एकेक वस्ती पडत गेली की टोकाच्या, खूप लांबच्या वस्त्याही एकाच गटात येतात. पण कम्प्लीटचा निकालही काठावरचा असू शकतो. इथे इ कुठे जाणार हे ८ आणि ९ यांच्यातल्या एका किलोमीटरने ठरलं. इ १६ व्या किलोमीटरवर असती, तर क पासून तिचं अंतर १० झालं असतं, अब आणि कड आधी ९ वर जुळले असते आणि कम्प्लीटनेही इ ला एकटीच ठेवलं असतं.