‘तुम्ही’ आणि ‘तुम’

चंदीगडला लागून असलेल्या मोहाली शहरात, सेक्टर ८१ मध्ये ‘नॉलेज सिटी’ हा शैक्षणिक परिसर आहे. २००७ साली स्थापन झालेली भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था याच परिसरात आहे. अशा ठिकाणी देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील माणसे एकत्र काम करतात व त्यांचा रोजचा व्यवहार बहुधा हिंदीत किंवा इंग्रजीत चालतो.

समजा, पुण्याहून आलेल्या एका संशोधकाने तेथील वयाने ज्येष्ठ सहकाऱ्याला कळविले, “तुम कल तक आँकड़े भेजो. पहला तक्ता गलत है.” लिहिणाऱ्याच्या मनात अनादर नाही. ‘तुम्ही उद्यापर्यंत आकडे पाठवा’ हे मराठीत वडीलधाऱ्यांनाही म्हणता येते. तरीही वाचणाऱ्याला तो हुकूम वाटतो.

असे का होते? मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’, तर हिंदीत ‘तू’, ‘तुम’ आणि ‘आप’ असे तीन स्तर आहेत. मात्र आदराचे नेहमीचे काम मराठीत मधला शब्द करतो. ‘आपण’ फार औपचारिक प्रसंगी येतो. हिंदीत हे काम ‘आप’ करतो आणि ‘तुम’ बरोबरीच्या किंवा लहान माणसासाठी राहतो. ध्वनीच्या साम्यामुळे आपण ‘तुम्ही’चे ‘तुम’ करतो आणि नकळत एक पायरी खाली उतरतो. क्रियापदाचेही तसेच आहे. ‘पाठवा’ला हिंदीत ‘भेजो’ आणि ‘भेजिए’ असे दोन पर्याय आहेत. गंमत अशी की पंजाबीतील ‘तुसीं’ आपल्या ‘तुम्ही’सारखाच आदरार्थी आहे, अडचण मधल्या हिंदीत निर्माण होते.

नकाराचेही असेच. चहा पुढे केला असता मराठी माणूस सहज ‘नको’ म्हणतो. त्याचे ‘नहीं चाहिए’ झाले की ते तुटक वाटते. पंजाबी बोलण्यात ‘नहीं जी’ मधला ‘जी’ नकाराची धार कमी करतो.

समोरचा दुखावला, हे तो क्वचितच सांगतो. एरवी सविस्तर लिहिणारा माणूस केवळ ‘ठीक है’ एवढेच उत्तर देऊ लागला, तर आपला मागचा निरोप पुन्हा वाचून पाहावा. मात्र घाबरून ‘सवड मिळाल्यास पाहावे’ असे लिहिणेही उपयोगाचे नाही; त्यात मुदतच हरवते. सौम्यता संबोधनात व क्रियापदात आणावी, मागणी आणि तारीख स्पष्टच ठेवावी: “सर, आँकड़े कल शाम तक भेज दीजिए. पहले तक्ते का जोड़ मेल नहीं खा रहा, एक बार देख लीजिए.” येथे चूक लपविलेली नाही. दोष माणसाऐवजी बेरजेकडे गेला आहे, आणि नेमके काय तपासायचे तेही कळते.

उलट दिशेनेही गफलत होते. ‘देख लेंगे जी’ हे उत्तर पुण्याचा माणूस होकार समजून निश्चिंत होतो. वास्तविक मराठीतील ‘बघू’ त्याच्या चांगल्या परिचयाचे असते!