पावणेदोन एकरांत सात गडी

वाचकहो, तुमचे कुणी नातेवाईक मुंबईत मालाडला असतील, तर लोकल गाडीने दक्षिणेला काही स्टेशनांवर अंधेरी लागते, हे तुम्हांला ठाऊक असेल. तिथल्या क्रीडा संकुलात जून २०२५ मध्ये सहा संघांची रग्बी लीग झाली. ती सात-सात गड्यांची होती. मूळ रग्बी मात्र पंधरा-पंधरांची. गडी निम्म्याहून कमी झाले, तरी मैदान तेवढेच राहते, आणि सारी गंमत यातच आहे.

लांबट गोल चेंडू हातात धरून पळायचे आणि समोरच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा, की पाच गुण. हाताने चेंडू पुढे फेकायचा नाही. बाजूला किंवा मागेच द्यायचा. विरोधकांनी कबड्डीसारखी पकड करून पळणाऱ्याला पाडायचे.

आता हिशेब करा. मैदान सुमारे शंभर मीटर लांब व सत्तर मीटर रुंद, म्हणजे जवळजवळ पावणेदोन एकर. तीस गडी उतरले तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वादोन गुंठ्यांच्या आसपास जागा येते. चौदाच असले तर पाच गुंठे.

बचाव करणाऱ्या सातांपैकी एकाला राखणीला मागे ठेवतात. उरलेल्या सहांनी सत्तर मीटरची रुंदी अडवायची, म्हणजे प्रत्येकी जवळजवळ बारा मीटर. एकाची पकड सुटली, की पुढे रान मोकळे. पंधरांच्या खेळात शेजारचा गडी जवळच असतो. तो भगदाड बुजवतो. म्हणून तिथे आठ दांडगे गडी खांद्याला खांदा लावून रेटारेटी करतात आणि वीत-वीत जमीन मिळवतात. सातांच्या खेळात रेटायला तिघेच; बाकी काम पायांचे.

मग वेळ कमी का? पंधरांचा सामना ऐंशी मिनिटांचा, सातांचा चौदा. सात-सात मिनिटांचे दोन डाव. एवढ्या मोकळ्या जागेत सतत जीव तोडून पळणारा माणूस ऐंशी मिनिटे टिकणार नाही. अंधेरीच्या लीगमध्ये चार-चार मिनिटांचे चार भाग होते. तिथल्या अंतिम सामन्यात चेन्नईने दिल्लीला ४१–० असे हरवले. इतक्या थोड्या वेळात एवढे गुण होतात, ते जागेमुळेच.

पण थोड्या वेळाची दुसरी बाजूही आहे. पंधरांच्या खेळात पहिल्या दहा मिनिटांत मागे पडलेल्या संघाला सावरायला सत्तर मिनिटे उरतात. सातांच्या खेळात चारच. शिवाय या खेळात ज्याने गुण मिळवले, तोच चेंडू लाथेने पुढे मारून डाव सुरू करतो. हवेतला चेंडू त्याच्याच गड्याने झेलला, तर दुसऱ्याला संधीच मिळत नाही.

कधी हा खेळ पाहायला मिळाला, तर नजर चेंडूवरच ठेवू नका. कडेचा बचावाचा गडी आत ओढला गेला का, ते पाहा. कडेला पाच-सहा मीटर जागा मोकळी दिसली, की गुण तिथूनच होणार असे समजा.