खीर बाधली की दूध?

बुद्धपौर्णिमेला वस्तीत खीर वाटली, की आपल्यातल्या काहींचं पोट तासा-दोन तासांत गुडगुडतं, गॅस होतो, पातळ जुलाब लागतात. नाव खिरीवर येतं. पण तीच खाऊन बाकीचे ठणठणीत असतात.

दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, लहान आतड्यातला लॅक्टेज हा पाचकरस फोडतो. मोठेपणी तो अनेकांत कमी होतो. न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात जाऊन पाणी ओढते, तिथले जंतू तिचा गॅस करतात.

भिवंडीत लूमवरचा कटिंग चहा सहसा बाधत नाही, कारण त्यात दूध थोडंच. विरजणामुळे दह्यातली साखरही घटते, तरी वाटीभर दही काहींना जड जातं.

दोन आठवडे दूध-दही बंद ठेवून पाहा. त्रास थांबला आणि ग्लासभर दुधाने परतला, तर बहुधा कारण हेच. शौचातून रक्त, ताप किंवा वजन घटणं असेल, तर डॉक्टरांना दाखवा.