कोरी ओळ कायदा भरतो!
भागीदारी करारपत्रातल्या सहा गमती

दोघा मावसभावांनी चिवड्याची फर्म काढली असं समजू. एकाने ८ लाख रुपये घातले, त्याला पैसेवाला म्हणू. दुसऱ्याने २ लाख घातले, पण भट्टी, मसाला, दुकानदार, सगळं तोच बघतो. त्याला कसबी म्हणू. करारपत्रात फर्मचं नाव, पत्ता आणि कोणी किती भांडवल घातलं एवढंच आलं. बाकीचं काय, असं विचारलं तर दोघांचं एकच उत्तर : “आपल्या आपल्यात काय लिहायचं?”

गंमत अशी की जे लिहिलं नाही ते कोरं राहत नाही. तिथे १९३२चा भारतीय भागीदारी कायदा आपली ओळ भरतो, आणि ती कुणाच्याच मनातली नसते.

१. आठ लाख आणि दोन लाख, वाटा मात्र सारखा

नफ्याचं प्रमाण लिहिलं नसेल तर कायदा भांडवलाकडे बघतच नाही. सगळ्यांना सारखा वाटा! वर्षाला ६ लाख नफा झाला की तीन याला, तीन त्याला. पैसेवाला म्हणेल, “निदान माझ्या पैशावर व्याज तरी द्या.” तेही नाही. करारात लिहिलं नसेल तर भांडवलावर व्याज शून्य. लिहिलं असेल तरी ते फक्त नफ्यातून निघतं, तोट्याच्या वर्षी नाही. मात्र ठरलेल्या भांडवलाच्या वर फर्मला उसने दिले, तर त्यावर ६ टक्के मिळतात. दर १९३२चाच आहे, आजवर हललेला नाही.

२. पहाटे चारला भट्टी पेटवणाऱ्याचा पगार : शून्य

भागीदाराने फर्मचं काम मन लावून करावं, असं कायदा सांगतो. त्याबद्दल मेहनताना मागायचा हक्क मात्र देत नाही. तो हवा तर लिहायला हवा. आता हाच ६ लाखांचा नफा नीट लिहिलेल्या करारपत्रातून वाटून बघा. भांडवलावर १२ टक्के व्याज : पैसेवाल्याला ९६ हजार, कसबीला २४ हजार. कसबीला महिना २० हजार पगार, म्हणजे २ लाख ४० हजार. उरलेले २ लाख ४० हजार निम्मे निम्मे. शेवटी पैसेवाल्याच्या हाती २ लाख १६ हजार, कसबीच्या हाती ३ लाख ८४ हजार. नफा तोच, फर्म तीच, फक्त दोन ओळी वाढल्या.

प्राप्तिकरवालेही याच ओळी शोधतात. फर्मला व्याजाची वजावट मिळते ती वर्षाला १२ टक्क्यांपर्यंतच, आणि पगाराची फक्त काम करणाऱ्या भागीदारापुरती, तीही ठरलेल्या मर्यादेत. दोन्ही गोष्टी करारपत्रात असल्या तरच! मार्चअखेरीस सीएच्या टेबलावर बसून एप्रिलपासूनचा पगार लिहून काढला, तर तो मागच्या महिन्यांना लागू पडत नाही.

३. दोघांत बहुमत कुठून आणणार?

रोजच्या कामातला मतभेद बहुमताने सुटतो आणि धंद्याचं स्वरूप बदलायला सगळ्यांची संमती लागते. कायदा एवढं सांगतो, पण भागीदार दोनच असतील तर बहुमत म्हणजे एकमतच. म्हणून हजारोंची खरेदी एकट्याच्या सहीने चालेल की नाही, बँकेत कुणाची सही, मिटलं नाही तर लवाद कोण, हे आधी लिहावं. एक बाब मात्र कायद्याने आधीच ठेवली आहे : कसबीने गुपचूप शेजारच्या गल्लीत दुसरी चिवड्याची भट्टी टाकली, तर उलट काही ठरलेलं नसेल तेव्हा तिथला नफाही फर्मला आणून द्यावा लागतो.

४. “मी निघालो” म्हटल्याने निघता येत नाही

आधी छोटं निघणं, म्हणजे उचल. गल्ल्यातून महिन्याला किती घ्यायचे आणि जास्त घेतले तर व्याज किती, यावर कायदा गप्प आहे. लिहिलं नाही तर जास्त उचलणाऱ्याला व्याज लागत नाही.

मग मोठं निघणं. करारात मुदत किंवा संपवायची रीत नसेल, तर ती मर्जीची भागीदारी ठरते आणि एका भागीदाराची लेखी नोटीस सगळी फर्म मोडू शकते. तिघे असतील तर एकट्याने निवृत्त होऊन बाकीच्यांना फर्म चालवू देता येते. पण जाणाऱ्याने जाहीर नोटीस दिली नाही, तर तो भागीदार आहे असं समजून माल देणाऱ्याची उधारी त्याच्याही मानेवर बसते. नोंदणीकृत फर्मसाठी जाहीर नोटीस म्हणजे फर्म निबंधकाला कळवणं, राजपत्रात आणि त्या जिल्ह्यात खपणाऱ्या एका स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात छापणं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून बाहेर पडणं त्यात बसत नाही.

५. दिवाळं निघालं की ‘सारखा वाटा’ उलटा चावतो

फर्म मोडली. सामान, येणी, सगळं विकून ९ लाख आले. देण्याचा क्रम कायद्याने लावलेला आहे : आधी बाहेरचे, मग भागीदारांची उसनवारी, मग भांडवल. शेंगदाणेवाला आणि बँक मिळून ४ लाख. पैसेवाल्याने वर उसने दिलेले १ लाख. उरले ४ लाख, आणि भांडवल होतं १०. म्हणजे तोटा ६ लाख.

कोऱ्या करारात तोटाही निम्मा निम्मा, म्हणजे तीन तीन. पैसेवाल्याचे आठातून तीन गेले, पाच यायचे. कसबीचे दोनातून तीन? त्याला घरातून १ लाख आणून भरावे लागतात. नफ्याच्या वेळी जी ओळ त्याला गोड लागली, तीच आता कडू. तोटा भांडवलाच्या प्रमाणात असं लिहिलं असतं, तर त्याचे १ लाख २० हजार गेले असते आणि ८० हजार परत मिळाले असते.

मृत्यूचीही एक ओळ आहे. एक भागीदार गेला की फर्म संपते. वारस येऊन ती चालू राहील असं लिहिता येतं, पण दोघांच्याच फर्ममध्ये त्याचा उपयोग नाही. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एकटा उरलेला माणूस भागीदारी करणार कुणाशी?

६. नोंदणी सक्तीची नाही, पण…

नोंदणी केली नाही म्हणून दंड नाही. फक्त चिवड्याचे पैसे बुडवणाऱ्या दुकानदारावर फर्मला दावा लावता येत नाही. तो मात्र फर्मवर लावू शकतो! महाराष्ट्र आणखी पुढे गेला होता. १९८४च्या दुरुस्तीने नोंदणी नसलेल्या फर्मच्या भागीदाराला हिशोबाचा किंवा विसर्जनाचा दावाही लावता येईना. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवलं. मूळ बंदी मात्र आजही उभी आहे. त्यातून सूट आहे ती शंभर रुपयांपर्यंतच्या लहानसहान दाव्यांना, म्हणजे एखाद्या पुड्याच्या उधारीला.