धाब्याचं घर आणि फिरतं दार

जुन्या वाड्याचा फोटो हातात आला की बघणारा आधी दार बघतो. चौकटीवरची वेलबुट्टी, मधोमध गणपती, पितळी कड्या आणि मोठ्या दारातली ती वाकून जायची दिंडी. मग अंदाज सुरू होतात: हे पेशवाई काम, हे गुजरातकडचं. जळगाव-धुळ्याच्या खेड्यातलं घर नेमकं कुठल्या पट्ट्यातलं हे ठरवायला मात्र दार हा सगळ्यांत कच्चा पुरावा आहे. सागवान सातपुड्यातून आणि डांगातून विकत यायचं, सुतार काम मिळेल तिथे जायचा, आणि वाडा पडला की चौकट दुसऱ्या घराला बसायची. अलीकडे तर ती थेट मुंबई-पुण्याच्या हॉटेलात जाऊन बसते. दगड आणि माती मात्र बैलगाडीनं आणायची, त्यामुळे ती येते गावाच्या शिवारातून किंवा फार तर शेजारच्या. म्हणून फोटो ओळखायचा तर छपराची कड आणि भिंतीचा खालचा भाग बघायचा. दाराकडे शेवटी यायचं.

सुरुवात छपरापासून. मध्य आणि पूर्व खानदेशातलं जुनं घर धाब्याचं असतं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर जवळजवळ मांडलेल्या कड्या, कड्यांवर आडव्या बारीक लाकडांचं किलचन, त्यावर पाला किंवा पऱ्हाट्या आणि वर चांगली वीतभर दाबून बसवलेली माती. सगळ्यांत वरचा थर खाऱ्या मातीचा. ही माती पहिल्या पावसानं भिजली की फुगते, तिच्यातल्या फटी मिटतात आणि पाणी आत न मुरता उतारानं पन्हळीकडे जातं. हा थर उन्हात भेगाळतो, म्हणून मृगाच्या आधी दरवर्षी धाब्यावर नवी खारी टाकावी लागते. ज्या वर्षी ती टाकली जात नाही, त्या वर्षी माजघरात पातेली मांडावी लागतात.

हे छप्पर इथे टिकलं त्याला हवामान कारण आहे. धुळे-शिंदखेड्याकडे वर्षाला साधारण ५००-६०० मिलिमीटर पाऊस, जळगावकडे त्याहून थोडा जास्त, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास. इतक्या पावसाला मातीचं छत पुरतं. दुपारचं ऊन ते घरात उतरू देत नाही आणि रात्री वर अंथरूण टाकता येतं. पापड, कुरडया, बिबड्या वाळवायलाही त्याच्याइतकी सोयीची जागा नाही.

फोटोत छत दिसतंच असं नाही, पण त्याच्या खुणा दिसतात. भिंतीच्या वरच्या कडेतून बाहेर डोकावणारी दगडी, लाकडी किंवा पत्र्याची पन्हळ ही सर्वांत भरवशाची खूण. तिच्याखाली भिंतीवर ओघळाचा लांब डाग असतोच. दुसरी खूण म्हणजे भिंतीत एका ओळीत दिसणारी कड्यांची टोकं. वर आज मंगलोरी कौलं किंवा पत्रे असले तरी खाली ही टोकांची किंवा रिकाम्या भोकांची ओळ दिसली, तर घर मुळात धाब्याचं होतं असं समजायचं. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशननं १८६५ साली मंगळुरात काढला. ती कौलं इकडे पसरली त्यानंतर, रेल्वेच्या काळात. त्यामुळे निव्वळ कौलं बघून घर कुठलं हे ठरवणं धोक्याचं.

पश्चिमेची गोष्ट वेगळी. साक्रीच्या पश्चिम भागातून नवापूरकडे जाऊ लागलं की पाऊस वाढत जातो, नवापुरात तो हजार मिलिमीटरच्या वर जातो, आणि तिथे मातीचं सपाट छत चालत नाही. उतरतं छप्पर, नळीची कौलं, कुडाच्या भिंती सुरू होतात. वाड्याच्या चौकाला चारही बाजूंनी मुळापासून उतरतं छप्पर असेल आणि कड्यांच्या ओळीचा मागमूस नसेल, तर नजर पश्चिमेकडे वळवायला हरकत नाही.

आता भिंत. खानदेशच्या जमिनीचा उभा छेद डोळ्यांसमोर आणला तर भिंत वाचणं सोपं जातं. उत्तरेला सातपुडा. त्याच्या पायथ्याशी रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात डोंगरातून वाहून आलेल्या गोट्या-धोंड्यांचा थर. तिथून तापीकडे उतरताना शेकडो फूट खोल गाळाची जमीन, तीच केळीची. मग तापी आणि तिच्या काठचे मातीचे खोल नाळे. नदी ओलांडून दक्षिणेला गेलं की गाळ पातळ होत जातो आणि पाचोरा, जामनेर, चाळीसगावकडे काळा कातळ उघडा पडतो, तो थेट अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत.

घरं या छेदाप्रमाणेच बांधलेली आहेत. सातपुड्याच्या पायथ्याच्या जुन्या भिंतीत गोल, घासलेले गोटे दिसतात. त्यांना कोन नसल्यानं ते एकमेकांवर नीट बसत नाहीत, म्हणून मधे मातीचा जाड थर आणि चिपा भराव्या लागतात. ही भिंत उंच चढवायची तर पोट काढते, म्हणून ती बहुधा जाड आणि बुटकी. तापीच्या गाळाच्या पट्ट्यात दगडच नाही. तिथे जोत्यापुरता, उंबऱ्यापुरता दगड लांबून आणतात आणि वरची सारी भिंत पांढरीच्या मातीची किंवा विटांची. श्रीमंताच्या घरीसुद्धा दगड कंबरेच्या वर चढत नाही. दक्षिणेकडे मात्र साध्या घराची भिंतही धाब्यापर्यंत दगडाची असू शकते, कारण तिथे शेत साफ करतानाच गाडीभर दगड निघतो.

धुळे जिल्ह्याच्या पश्चिम भागात, विशेषतः साक्रीकडे, आणखी एक दगड आहे. तिथल्या माळांवर पूर्व-पश्चिम गेलेल्या लांबच लांब, अरुंद, काळ्या टेकड्या दिसतात. नवख्याला ते एखाद्या पडक्या तटाचे अवशेष वाटतात. जुन्या कातळाला पडलेल्या भेगांत लाव्हा घुसून थिजला, आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेला आणि या भिंती उभ्या राहिल्या. हा दगड घट्ट असतो, त्यात पोकळ्या नसतात, आणि तो निसर्गतःच ठोकळ्यासारखा सुटतो. फार घडाई न करताही त्याचे थर सरळ लागतात. उलट सर्वसाधारण काळ्या दगडात जागोजाग बुडबुड्यांच्या पोकळ्या असतात आणि त्यांत पांढरे खनिज भरलेले असते. चांगल्या फोटोत हे पांढरे ठिपके दिसतात. चुन्याचे शिंतोडे आणि हे ठिपके यांत गल्लत होऊ नये म्हणून फुटलेली कड शोधायची. ठिपका तुटक्या भागातही असेल तर तो दगडातला.

नक्षी मी शेवटी बघतो, आणि तीही कुठल्या दिशेला तोंड करून आहे एवढ्यापुरतीच. देशावरच्या वाड्याचं बाहेरचं अंग बहुधा रुक्ष असतं. सुरूच्या झाडासारखे खांब, कमानींच्या फळ्या, लोंबणारी केळफुलं हा थाट आतल्या चौकात. गुजरातकडच्या घराची हौस रस्त्याकडे तोंड करून असते: पुढे आलेला वरचा मजला, त्याखालचे कोरीव टोडे, नक्षीची चौकट. खानदेश या दोन्हींच्या मधे आहे. नंदुरबार-शहाद्याकडे, गुजर वस्तीच्या गावांत, दुसरी रीत अधिक दिसते, आणि नाशिककडे सरकावं तशी पहिली. पण हे कल आहेत. त्यांच्यावर गाव ठरवू नये.

एका परिचितांनी पाठवलेल्या फोटोवर हे सगळं लावून बघू. त्यांच्या आजोळचा वाडा, गावाचं नाव घरात कुणालाच आठवत नाही. डावीकडे भिंत, मधे कोरीव दार, उजवीकडे चौकाचा कोपरा. घरात समजूत अशी की दार गुजराती धाटणीचं, म्हणजे आजोळ नंदुरबारकडचं.

उजव्या कोपऱ्यात वर दोन पन्हळी आहेत आणि खाली ओघळ. धाबं पक्कं, म्हणजे नवापूरचा ओला पट्टा बाद. डाव्या भिंतीचा दगड टोकदार आहे, एकही गोल गोटा नाही, त्यामुळे सातपुड्याचा पायथाही जातो. दगडात पांढरे ठिपके आहेत आणि थर वेडेवाकडे, तेव्हा साक्रीकडच्या ठोकळ्याच्या दगडाची शक्यता कमी. आणि महत्त्वाचं म्हणजे दगड छातीपर्यंत येऊन थांबतो. वर मातीची भिंत आहे, गिलावा सुटून भुसा दिसतो आहे. वाडा गरिबाचा नाही, तरी दगड वर गेला नाही. म्हणजे तो सहज मिळत नव्हता, पण गाळाच्या गावाइतका दुर्मीळही नव्हता. कातळ संपून गाळ सुरू होतो त्या सीमेवरचं हे घर असावं: पारोळा, एरंडोल, अमळनेर अशा बाजूचं, बोरी किंवा गिरणेच्या आसपासचं.

मग दाराचं काय? फोटो मोठा करून बघितला. जुन्या दाराला बिजागऱ्या नसतात. फळीच्या कोपऱ्याला खाली-वर काढलेला खुंट उंबऱ्यातल्या आणि वरच्या लाकडातल्या खळग्यात फिरतो. या दाराला लोखंडी बिजागऱ्या आहेत आणि खालचा खुंट कापलेला दिसतो. चौकटीच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटं विटांचा भराव आहे, बाकी भिंतीत कुठेही वीट नाही. चौकट भगदाडापेक्षा अरुंद होती, म्हणून फट बुजवली. दार दुसऱ्या घरातून आलं. ते नंदुरबारकडून आलं असेलही. घर तिकडचं नाही.

या पद्धतीची मर्यादाही याच फोटोत आहे. सीमेचा पट्टा तीस-चाळीस किलोमीटर रुंद आहे आणि त्यातली दोन गावं भिंतीवरून वेगळी काढता येत नाहीत. मालेगाव-सटाण्याकडे, नाशिक जिल्ह्यात, अहिराणीही आहे आणि धाबीही. अजिंठ्याच्या डोंगराच्या दोन्ही अंगांना दगड एकच. चाळीसगावचं घर आणि घाटावरचं कन्नडचं घर फोटोत शेजारी ठेवलं तर छप्पर, भिंत, दगड सारखेच दिसू शकतात. आणि भिंतीला सिमेंटचा गिलावा, त्यावर रंग आणि वर स्लॅब अशी डागडुजी झाली असेल, तर वाचायला उरतं ते फक्त फिरतं दार.

अशा वेळी मागच्या भिंतीचा फोटो मागावा. डागडुजीचा पैसा पुढच्या बाजूला खर्च होतो. गोठ्याकडची भिंत, परसातला कोपरा, पन्हळीखालचा भाग यांना कुणी रंग लावत नाही. परिचितांच्या मामेभावाकडे तसा एक फोटो निघाला, गोठ्यासमोर गाय धरून उभ्या असलेल्या आजोबांचा. त्यांच्या पाठीमागची भिंत सबंध मातीची आहे, दगड फक्त गुडघ्याएवढा. त्यामुळे मी माझा अंदाज थोडा उत्तरेला, तापीच्या बाजूला सरकवला आहे: पारोळ्यापेक्षा अमळनेर. आता सातबाऱ्याची जुनी नक्कल आधी त्याच तालुक्यात शोधायची असं त्यांनी ठरवलं आहे.